पुढच्या वर्षीच्या स्वतःले पत्र, दरवर्षी 1 जुलैले आपोआप येईल असं कसं ठेवाचं?

सौर_वायरमन (दारव्हा)

नमस्कार मंडळी. मी आयटीआय वायरमन हाय, सध्या एका ठेकेदाराकडं सोलर पंप बसवाच्या टीमवर काम करून रायलो. यंदा 1 जुलैले, म्हणजे वसंतराव नाईक साहेबांच्या जयंतीले, कृषी दिनाच्या दिवशी, पाऊस लागला होता म्हणून साइट बंद होती, तर घरी बसल्या बसल्या पक्कं ठरवलं का तीन वर्षांत स्वतःचा इलेक्ट्रिकल ठेकेदारीचा परवाना काढाचा. दुसऱ्याच्या नावावर कितीक दिवस पंप बसवाचे?

आता मले असं पाहिजे का दरवर्षी 1 जुलैले मीच मले लिहिलेलं पत्र मले मिळालं पाहिजे, तोपर्यंत ते वाचता येऊ नये, आणि फोन बदलला, गाव सुटलं तरी यायले पाहिजे. दुसरं म्हणजे त्यात लिहाचं काय? मी एक कच्चं लिहिलं हाय, खाली टाकतो. मले अंगावर रोमांच वगैरे नको, पुढच्या वर्षी वाचून काही कामाचं कळलं पाहिजे एवढंच.

"मित्रा, एक वर्ष झालं. आतापर्यंत तू सुपरवायझरची परीक्षा पास झाला असशील, स्वतःचं सगळं सामान घेतलं असशील, बाबांचं कर्ज बी थोडंफार फिटलं असंल. झालं नसंल तर तू आळस केला असं समज. हिंमत सोडू नको, मेहनत कर, यश नक्की मिळंल."

कोणाले अनुभव असंल तर सांगा.

खेड्यातला_डाकपाल

भाऊ, मी शाखा डाकघरात हाय म्हणून सांगतो, पोस्टात असं पत्र ठेवता येत नाही. पुढच्या वर्षीची तारीख टाकून तुम्ही पाकीट आमच्याकडं दिलं तर आम्ही आजच शिक्का मारून आजच्याच थैलीत टाकणार, कारण आलेलं टपाल अडवून ठेवाची सोय नाही. दरवर्षी शाळेतले पोट्टे विचारतात म्हणून सांगून ठेवलं. आंतरदेशीय पत्र अडीच रुपयाचं आहे, ते घेऊन लिहा, पण सांभाळाले दुसरा माणूस पाहा. आणि बढतीसाठी वगैरे अर्ज असेल तर स्पीड पोस्टनंच पाठवा, पोचल्याची नोंद राहते.

सौर_वायरमन (दारव्हा)

नाही काका, अर्ज नाही, मीच मले लिहून रायलो. पण पोस्टाचं कळलं ते बरं झालं, माह्या डोक्यात तेच पहिले आलं होतं.

चांदूरचा_भूषण

अरे एकदम सोपं आहे बे. जीमेलमध्ये पत्र लिही, स्वतःचाच पत्ता टाक, पाठवायच्या बटणाजवळचा बाण दाब (फोनवर वरचे तीन ठिपके), तिथं Schedule send येते, तारीख टाक आणि विसरून जाय. एकदा टाकलं का दरवर्षी त्या तारखेले येत राहते. 49 वर्षं पुढची तारीख बी घेते ते. आणि शेड्यूल केलेलं वाचता येत नाही तोपर्यंत, लॉक होते. मी आमच्या क्रिकेट टीमच्या पोट्ट्यांचे वाढदिवसाचे मेल असेच टाकून ठेवतो.

निदेशक_पुसद

भूषणभाऊ, अर्धं बरोबर आहे. 49 वर्षांचं खरं आहे आणि एका वेळी 100 मेल शेड्यूल करून ठेवता येतात हेही खरं. पण जीमेलमध्ये "दरवर्षी" असा पर्याय नाही, एक मेल एकदाच जातो. तुमचे वाढदिवसाचे मेल तुम्ही दरवर्षी नव्यानं टाकत असाल. आणि लॉक तर अजिबात होत नाही. डावीकडं Scheduled नावाचा कप्पा दिसतो, त्यात ते पत्र जाईपर्यंत उघडं पडलेलं असतं, केव्हाही वाचा. त्यात बदल करायला गेलं की आधी Cancel send करावं लागते आणि ते मेल ड्राफ्टमध्ये जाऊन बसते. पोरं नेमकी इथंच फसतात. ऑक्टोबरात एखादी ओळ बदलली, पुन्हा तारीख टाकायची राहिली, आणि पत्र ड्राफ्टमध्येच राहते.

मी आयटीआयत शिकवतो. शेवटच्या सत्रात आमच्या ट्रेडच्या पोरांकडून असं पत्र लिहून घेतो, त्यामुळं काय काय बिघडते ते पाहिलं आहे. वायरमनभाऊ, तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत, पोचण्याचा आणि लिहिण्याचा. आज पोचण्याचं सांगतो, लिहिण्याचं उद्या निवांत.

पत्र न पोचण्याचं आपल्याकडं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे भरलेलं खातं. गूगलची फुकटची जागा 15 जीबी असते आणि ती जीमेल, फोटो, ड्राइव्ह सगळ्यांत मिळून. अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपसुद्धा आता त्याच 15 जीबीत मोजल्या जाते, आधी मोजत नव्हते. साइटचे व्हिडिओ, लग्नाचे फोटो, सकाळच्या फुलांच्या शुभेच्छा हे सगळं त्यात. जागा संपली की मेल जातही नाही आणि येतही नाही. म्हणजे तुम्ही पाठवणारेही तुम्हीच आणि घेणारेही तुम्हीच असल्यामुळं एकाच खात्याची जागा भरली की दोन्हीकडून रस्ता बंद.

दुसरं कारण नंबर. खात्याला जो मोबाइल जोडला आहे तो नंबर रिचार्ज न करता सोडून दिला, 90 दिवस वापर नसला की कंपनी तो बंद करू शकते आणि पुढं दुसऱ्याला देते. मग नव्या फोनवर पासवर्ड विसरला तर ओटीपी जाईल त्या दुसऱ्या माणसाकडं. आणि खातं 2 वर्षं कुठंच उघडलं नाही तर गूगल ते काढून टाकू शकते, हा नियम डिसेंबर 2023 पासून लागू झाला. तुम्ही रोज यूट्यूब त्याच खात्यावर पाहत असाल तर ही भीती नाही, पण पत्रासाठी म्हणून वेगळं नवं खातं काढलं आणि तसंच सोडलं तर ते पत्रासकट जाईल. म्हणून वेगळं खातं काढू नका. रोजचंच ठेवा, त्यात जागा ठेवा, आणि रिकव्हरीला घरातल्या दुसऱ्या माणसाचा नंबर किंवा मेल जोडा.

ढाणकीचा_शेतकरी

सर, मले एक सुचते. तारीख कायले पाहिजे, पोळ्याले ठेवाव ना. पोळा कोणी विसरत नाही. त्या दिवशी बैल धुतले, झूल घातली, तोरणाखाली नेऊन आणले का संध्याकाळी माणूस जरा निवांत असते. वर्षाचा हिशेब कराले तोच दिवस बरा. माहे वडील पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सालभराची उधारी वहीत लिहीत.

निदेशक_पुसद

काका, विचार मनापासून आवडला, आणि ज्याला कागदावर लिहून घरी ठेवायचं आहे त्यानं खुशाल पोळ्याला उघडावं. पण मशीनला पोळा कळत नाही. पोळा अमावास्येचा, 2023 ला तो 14 सप्टेंबरला आला कारण अधिक श्रावण होता, 2024 ला 2 सप्टेंबरला, 2025 ला 22 ऑगस्टला. वर्षाला दहा-बारा दिवस मागं सरकतो आणि अधिक महिना आला की उडी मारून पुढं जातो. कॅलेंडरमध्ये "दरवर्षी" लावलं तर ते इंग्रजी तारखेला लागते. त्यामुळं 1 जुलैच ठीक. शिवाय या भाऊंच्या धंद्याला 1 जुलै चांगला आहे. काळ्या मातीत पाऊस पडला की पिकअप वावरात जात नाही, पॅनलचं सामान रस्त्यावरच राहते, म्हणजे त्या दिवसांत हाताला जरा सवड असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये असतं तर रात्री नऊला घरी येऊन पत्र उघडूनही पाहिलं नसतं. वेळ मात्र रात्री 8 ची टाका, सकाळी 6 ची नको. सकाळी पाहिलेलं दिवसभराच्या कामात विरून जाते.

सौर_वायरमन (दारव्हा)

सर एकदम बरोबर, जुलैमध्ये आम्ही फक्त फॉल्ट काढत हिंडतो, नवीन पंप फार कमी. पण मंग न वाचता येण्याचं काय? मी कबूल करतो, माह्याच्यानं राहवणार नाही, ते Scheduled मध्ये दिसलं का उघडून पाहीन.

चांदूरचा_भूषण

मंग फ्युचरमी वापर. futureme.org. 2002 पासून चालू आहे ते, फक्त याच कामासाठी. पत्र लिहाचं, तारीख टाकाची, त्या तारखेले मेलवर येते, मधात इनबॉक्समध्ये काही लोंबकळत राहत नाही. सर, हे तरी बरोबर ना?

निदेशक_पुसद

बरोबर, पण आपला ईमेल पत्ता तोच राहायला पाहिजे आणि आलेलं पत्र स्पॅममध्ये जाऊ नये म्हणून त्यांचा पत्ता कॉन्टॅक्टमध्ये ठेवावा. मी पोरांना एक जास्तीचं सांगतो आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं तेच आहे. पत्र आलं नाही तर ते आलं नाही हे तुम्हाला कळणार कसं? न आलेल्या पत्राची कोणी आठवण करून देत नाही. म्हणून गूगल कॅलेंडरमध्ये 1 जुलै, रात्री 8:30, "पत्र आलं का पाहा" असा एक प्रसंग टाका आणि तिथं मात्र "दरवर्षी" हा पर्याय खरोखर असतो, तो निवडा. त्याच्या वर्णनात पत्राचा मजकूर टाकू नका, फक्त पत्र कुठं ठेवलं ते लिहा. आणि एक छापील प्रत पाकिटात चिकटवून घरच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये, सातबारा जिथं ठेवता तिथं. एवढं केलं की कुठलं ना कुठलं एक तरी चालेल.

पाच वर्षांची पाच पत्रं आजच लिहून टाकू नका. पुढच्या वर्षीचं एक लिहा. ते वाचलं त्याच रात्री त्याच्या पुढच्या वर्षीचं लिहा. आजच्या माणसाला पाच वर्षांनंतरच्या माणसाचे प्रश्न माहीत नसतात.

उमरखेड_वाचनालय

मी हे सगळं केलेलं आहे म्हणून लिहिते, थोडं मोठं होईल.

मी पुण्यात राज्यसेवेची तयारी करत होते. क्लास लागला त्या दिवशी स्वतःला पत्र टाकलं, की याच तारखेला पुढच्या वर्षी मिळावं. त्यात तुमच्यासारखंच लिहिलं होतं, भाऊ. "आज तू पूर्व परीक्षा पास असशील, मुख्यची तयारी चालू असेल, आणि झालं नसेल तर स्वतःला विचार की वर्षभर काय केलं." ते पत्र आलं तेव्हा निकाल लागून गेला होता आणि माझं नाव नव्हतं. खोलीतल्या दोघी जणी गावी गेल्या होत्या. मी ते पत्र वाचलं आणि खरं सांगते, पुढं कितीतरी दिवस मी पुस्तक उघडलं नाही. मला वाटलं ज्या मुलीनं हे लिहिलं ती मला ओळखतच नाही.

आणि दुसरी गोष्ट. मी ते लिहिलं तेव्हा मुख्य परीक्षा वस्तुनिष्ठच राहील असं धरून लिहिलं होतं. मग वर्णनात्मक पॅटर्न जाहीर झाला, 2023 च्या सुरुवातीला पुण्यात मुलांनी आंदोलन केलं, आणि तो 2025 पासून लागू करायचं ठरलं. पत्रातल्या "वर्षभर काय केलं" या प्रश्नात यातलं काहीच बसत नव्हतं. आता मी गावी आहे, वाचनालय सांभाळते आणि तयारी चालू आहे. पण पत्राच्या बाबतीत माझं म्हणणं असं की जिथं निकाल आपल्या हातात नाही तिथं असलं पत्र लिहू नये. लिहायचंच तर निकालाच्या दिवसांपासून लांबची तारीख ठेवावी.

सौर_वायरमन (दारव्हा)

ताई, वाचून बरं नाही वाटलं. माह्या पत्रातली "आळस केला असं समज" ही ओळ मी आत्ताच काढली.

निदेशक_पुसद

ताई, तुम्ही मनापासून लिहिलंत, आणि दोन्ही गोष्टी पटल्या. पण "लिहूच नये" हे मला पटत नाही, त्याचं कारण सांगतो.

अशा पत्राचा खरा उपयोग हुरूप द्यायचा नाही. वर्षानंतर आपली आठवण आपल्याला बदलून दाखवते, ते थांबवायचा आहे. 1972 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि रशियाला जाणार होते, तेव्हा फिशहॉफ आणि बेथ या दोघांनी लोकांना आधी विचारून ठेवलं की अमुक होईल तमुक होईल याची शक्यता किती वाटते. दौरे झाल्यावर त्याच लोकांना विचारलं, तुम्ही तेव्हा काय आकडा दिला होता? जे घडलं त्याला आपण आधी जास्त शक्यता दिली होती असं लोक सांगायला लागले, प्रत्यक्ष कागदावर कमी असतानाही. 1975 साली हे छापून आलं. आपलंही तसंच होते. परीक्षा गेली की "मला वाटलंच होतं", आणि पास झालो की तेही "मला वाटलंच होतं". म्हणून पत्रात "तू झाला असशील" असं लिहायचं नाही. "मला आज असं वाटते, दहापैकी इतकं, आणि या कारणानं" असं लिहायचं. मग वर्षानं ते चुकलं तर कुठलं कारण चुकलं ते दिसते. ताई, तुमच्या पत्रात "पॅटर्न हाच राहील असं धरून" ही एक ओळ असती, तर त्याच रात्री तुम्हाला दिसलं असतं की धरून चाललेली गोष्टच बदलली, त्यात तुमचा दोष किती आणि नियमाचा किती.

वेळेच्या अंदाजाचंही तसंच. 1994 च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध केव्हा संपेल ते विचारलं, सरासरी 34 दिवस सांगितले आणि लागले 55 च्या वर. आळशी होते असं नाही, अंदाज करताना माणूस फक्त सगळं सुरळीत चाललं तर काय होईल तेच पाहतो. मधात आजारपण, पाऊस, लग्नसराई येते हे त्यात धरतच नाही.

वायरमनभाऊ, तुमचं पत्र घेऊ आता.

"सुपरवायझरची परीक्षा पास झाला असशील." हे वर्षात होण्यासारखं आहे का ते आधी पाहा. अर्ज करायला अनुभवाची अट आहे, ती तुमच्या बाबतीत कधी पूर्ण होते ते विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात जाऊन विचारा, ऐकीव माहितीवर तारीख धरू नका. तुमच्या आताच्या ठेकेदाराकडून अनुभवाचं पत्र मिळणार का, हा खरा प्रश्न आहे आणि तोच पत्रात नाही.

"सगळं सामान घेतलं असशील." कुठलं? ठेकेदारीच्या परवान्याला मेगर, अर्थ टेस्टर यांसारखी यंत्रं आणि प्रमाणपत्र असलेला सुपरवायझर दाखवावा लागतो. आज तुमच्याजवळ यातलं काय आहे ते नावानिशी लिहा, नाहीतर वर्षानं "काहीतरी घेतलं ना" म्हणून समाधान होईल.

"मेहनत कर." ही ओळ काढून टाका. वर्षानंतरचे तुम्ही त्याचं काय करणार? त्याऐवजी असा प्रश्न ठेवा ज्याचं उत्तर कामावरच दिसते. उदाहरण देतो. 5 एचपीचा पंप सुरू होत नाही, कंट्रोलर फॉल्ट दाखवते, शेतकरी उभा आहे. तुम्ही आज काय करता? सुपरवायझरला फोन लावता की स्वतः काढता?

सौर_वायरमन (दारव्हा)

सर, खरं सांगतो, ड्राय रन असंल तर मी ओळखतो, विहिरीचं पाणी खाली गेलं राहते, थोडा वेळ थांबून पुन्हा चालू केलं का समजते. पण पॅनलकडून व्होल्टेज येत नसंल तर मी फोन लावतो. आमचे सुपरवायझर येते आणि डीसी बॉक्सवर मीटर लावून पाहते. मी आजपर्यंत नुसतं टॉर्च धरून पाहून रायलो.

निदेशक_पुसद

हेच लिहा. हीच तुमची 1 जुलैची खरी जागा आहे. आणि ते शिकायला वर्ष लागत नाही. कंट्रोलर बंद करून डीसी आयसोलेटर उघडा, हातमोजे घालून, मीटर डीसीवर, 1000 व्होल्टपर्यंतच्या मीटरनंच. एका पॅनलचं उघडं व्होल्टेज त्याच्या मागच्या पट्टीवर Voc म्हणून छापलेलं असते. एका ओळीत सिरीजमध्ये जितके पॅनल तितक्यानं गुणा, त्याच्या आसपास मीटरनं दाखवलं पाहिजे, उन्हात थोडं कमीच येते. शून्य दाखवलं तर ओळीत कुठंतरी कनेक्टर सुटला किंवा नीट क्रिंप झाला नाही. शून्य नाही पण बरंच कमी, तर एखादं पॅनल किंवा त्याच्या जंक्शन बॉक्समधला डायोड गेला. लोडवर चालू असताना एमसी-फोर कनेक्टर कधीच ओढायचा नाही, डीसीचा आर्क विझत नाही. पहिले काही वेळा सुपरवायझर शेजारी असतानाच करा.

पत्रात लिहा, "आज मी हे स्वतः करत नाही." पुढच्या 1 जुलैला हो किंवा नाही एवढंच उत्तर. परीक्षेचा निकाल तुमच्या हातात नाही, हे आहे.

ढाणकीचा_शेतकरी

सर, माह्या वावरातला पंप असाच चार दिवस बंद होता, फॉल्टची तक्रार केली तर माणूस येते येते म्हणे. असा पोट्टा जवळपास असता तर ओलित राहिलं नसतं. भाऊ, तू शिक आणि आमच्या ढाणकीकडं बी येत जाय.

उमरखेड_वाचनालय

सर, "धरून चाललो" ही ओळ पत्रात असावी हे पटलं. पण एक प्रश्न राहतोच. माणूस पत्रात लिहितो की अमुक तारखेपर्यंत झालं नाही तर मी सोडून देईन. ही ओळ लिहावी का? माझ्या एका मैत्रिणीनं लिहिली होती, पत्र आलं आणि तिनं त्या दिवशी तयारी सोडली. आज ती म्हणते की बरं झालं, पण घरचे म्हणतात की एक प्रयत्न अजून हवा होता. मला आजही कळत नाही की तो निर्णय तिनं घेतला की पत्रानं.

निदेशक_पुसद

याचं ठाम उत्तर माझ्याकडं नाही. मी पोरांना सांगतो की "सोडून देईन" असं लिहू नका, "त्या दिवशी अमुक माणसाशी बोलेन आणि मग ठरवीन" असं लिहा, आणि माणसाचं नातं लिहा, मामा, निदेशक, कोणी. रात्री एकट्यानं पत्र वाचून मोठा निर्णय घेऊ नये एवढाच हेतू. पण तुमच्या मैत्रिणीसारखी माणसंही आहेत ज्यांना ती रेघ ओढल्याशिवाय सुटताच येत नाही. त्यांना माझी पद्धत म्हणजे चालढकल वाटेल.

चांदूरचा_भूषण

मले वाटते रेघ पाहिजेच. नाहीतर दरवर्षी नवीन पत्र, नवीन तारीख, आणि माणूस चाळिशीले पोचते. सर, तुमचा मान ठेवून सांगतो, पटलं नाही.

खेड्यातला_डाकपाल

आता मला समजलं हे काय आहे ते. मग मी एक सांगतो. कागदाचं पाकीट ज्याच्याजवळ ठेवाल त्याला पाकिटावर तारीख मोठ्या अक्षरात लिहून द्या आणि पत्ता शाईच्या पेनानं नको, बॉलपेननं. आमच्याकडं पावसाळ्यात भिजलेल्या टपालावर शाईचा पत्ता पुसून जाते, बॉलपेनचा वाचता येते. घरातली फाइलसुद्धा कौलारू घरात ओल धरते. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा.

सौर_वायरमन (दारव्हा)

मंडळी, दोन दिवस लावून नवीन लिहिलं. फ्युचरमीवर टाकलं, पुढच्या 1 जुलैची तारीख, कॅलेंडरमध्ये रात्री 8:30 चं "दरवर्षी" लावलं, आणि व्हॉट्सॲपच्या बॅकअपमधून व्हिडिओ बंद केले, खात्यात जागा झाली. एक प्रत बॉलपेननं लिहून आईजवळ दिली. तिले वाचता येते पण ती उघडणार नाही म्हणाली. मजकूर असा हाय, कोणाले काही खटकलं तर सांगा.

"आज महिन्याले 14 हजार मिळतात, मालकाच्या नावावर काम. माह्याजवळ स्वतःचं मल्टिमीटर आणि हाताची हत्यारं हाय, मेगर नाही, अर्थ टेस्टर नाही. ड्राय रन ओळखतो. पॅनलच्या ओळीचं व्होल्टेज स्वतः मोजत नाही.

मले वाटते का पुढच्या वर्षापर्यंत हे मोजणं मी एकट्यानं करत असीन, दहापैकी नऊ. मेगर घेतला असंल, दहापैकी सहा, कारण दिवाळीत बहिणीचं लग्न हाय आणि त्यात पैसा जाईल. मालकाकडून अनुभवाचं पत्र मिळालं असंल, दहापैकी चार. तो देईल असं तोंडानं म्हणते पण अजून कोणाले दिलेलं मी पाहिलं नाही.

मी हे धरून चाललो का सोलर पंपाची सरकारी योजना चालू राहील आणि आमच्या तालुक्यात काम राहील. ते बंद झालं असंल तर हे पत्र तिथंच थांबव आणि घरच्या छतावरच्या सोलरचं काम कोण करून रायलं ते पहिले पाहा.

वाचून झालं का मोठ्या मामाले फोन कर. मंग पुढच्या वर्षीचं लिही."

निदेशक_पुसद

अनुभवाच्या पत्राला दहापैकी चार दिले ते फार चांगलं केलं. चारच असतील तर पुढच्या जुलैपर्यंत वाट पाहू नका. येत्या महिन्यातच मालकाला लेखी मागा आणि सोबत हजेरी, पगाराच्या एंट्रीचं बँक पासबुक, साइटवरचे फोटो तारखेसकट जमा करत राहा. पत्र मिळालं नाही तरी काम केल्याचा काहीतरी आधार तुमच्या हातात राहील. कार्यालयात तो चालतो की नाही तेही त्याच फेरीत विचारून घ्या.

सौर_वायरमन (दारव्हा)

हो सर. सोमवारी यवतमाळले सामान आणाले जायचंच हाय, तेव्हाच कार्यालयात जातो आणि काय म्हणतात ते इथं लिहितो.

उमरखेड_वाचनालय

भाऊ, नक्की लिहा. आणि सर, मी पुन्हा एक पत्र लिहायला बसले आहे, पण तारीख परीक्षेची नाही ठेवत, वाचनालयात रुजू झाले ती ठेवते. त्यात "दहापैकी किती" लिहिताना हात थांबतो, मुख्यच्या उत्तरांचा अंदाज कशावरून करायचा? सराव पेपर कोणाकडून तपासून घेतल्याशिवाय आकडा लिहिणं मला खोटं वाटतं. उमरखेड-पुसदकडं कोणी वर्णनात्मक उत्तरं तपासून देणारे माहीत असतील तर सांगा.